निरोपाच्या भाषणातला ‘तरी’

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या हिशेब खात्यात मी नवा होतो. हेड क्लार्क काका निवृत्त होणार होते, आणि “तुझं मराठी बरं आहे” म्हणून निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. (त्या ‘बरं’चा अर्थ मला नंतर कळला.)

पहिला कच्चा मसुदा खात्यातल्या मोठ्या मॅडमना दाखवला. त्यांनी लाल पेन काढलं आणि आधी फक्त ‘तरी’, ‘असूनही’, ‘सुद्धा’, ‘निदान’ एवढ्याच शब्दांना गोल केलं. एक वाक्य असं होतं: ‘वय झालं तरी काकांनी टॅली शिकून घेतलं.’ मॅडम म्हणाल्या, “यात कौतुक किती आणि ‘म्हातारा असून’ किती?” असा शब्द सापडला की त्याच्या आधीचा भाग एकटा वाचायचा. तो तोंडावर म्हणता येत नसेल, तर वाक्य मोडायचं. आम्ही लिहिलं: ‘टॅली आलं तेव्हा काकांनी पहिल्याच महिन्यात जुनी वही आणि संगणक दोन्हीकडचा ताळेबंद जुळवून दाखवला.’

पुढचं वाक्य मला फार आवडलं होतं: ‘काका कधीच वेळेवर घरी गेले नाहीत.’ मॅडमनी विचारलं, “समोर काकू बसणार ना? आणि मालकसुद्धा?” काकूंना ते जखमेवर मीठ वाटलं असतं आणि मालकांना टोमणा. खरं तर तो टोमणाच होता. जादा कामाचा माझाच राग त्यात उतरला होता. इथे गोल करायला शब्द सापडत नाही. वाक्यात वाईट काय घडतंय आणि त्याला जबाबदार कोण, एवढं पाहायचं. उत्तरात तिसऱ्याच माणसाचं नाव आलं, तर ती तक्रार. ते वाक्य दुरुस्त केलं नाही, काढूनच टाकलं.

शेवटचा परिच्छेद मी डोळे ओले करून लिहिला होता. ‘काका प्रेमळ होते, सर्वांचे आधार होते, आज आम्ही पोरके झालो.’ शेजारच्या टेबलावरून स्टोअरकीपर ओरडले, “काय बे, माणूस जिवंत हाय की अजून!” घोटाळा ‘होते’चा होता. मराठीत भूतकाळातली विशेषणं एकापुढे एक मांडली की त्याची श्रद्धांजली होते. फोटोला हार घालून ते वाक्य चालतं का, एवढं बघावं. चालत असेल तर काका नोकरीतून जात आहेत, एवढंच भूतकाळात ठेवायचं, स्वभाव वर्तमानकाळात. मग विशेषणं जाऊन एक प्रसंग राहिला: व्हॅटचा हिशेब अडला की काका ड्रॉवरमधून शेंगाचटणीची डबी काढायचे, “आधी भाकरी खा, आकडे पळत नाहीत” म्हणायचे.

इतकं कापल्यावर भाषण कोरडं होण्याची भीती असते. माझं दोन पानांवरून पाऊण पानावर आलं. थट्टा मात्र एकच ठेवली, तीही काकांना आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारून. त्यांनी ती ऐकली आणि स्वतःच तिच्यात एक शिवी वाढवून दिली, जी माईकवर म्हणता आली नाही.