लायसन्सवर दोन तारखा असतात : ड्रायव्हरच्या फायलीतल्या या चुका टाळा

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर कुठल्याही ड्रायव्हरला ‘लायसन्स कधी संपतंय?’ विचारा. बहुतेक जण कार्डावरची लांबची तारीख सांगतात, आणि चूक तिथेच होते. अवजड वाहन चालवणाऱ्याच्या कार्डावर Validity (NT) आणि Validity (TR) अशा दोन तारखा असतात. पहिली खासगी वाहनांची, दुसरी ट्रक-बसची. दुसरीची मुदत साधारण 5 वर्षांचीच असते.

समजा, NT 2034 पर्यंत आहे आणि TR 14 ऑगस्ट 2026 ला संपते. कॅलेंडरात 2034 टाकलं, तर 15 ऑगस्टपासून ट्रक विनापरवाना चालतोय. पूर्वी मुदतीनंतर 30 दिवसांची सवलत मिळायची, आजही बरेच जण तिच्या भरवशावर असतात. 2019 च्या दुरुस्तीत ती गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी वर्षभर करता येतो. संपल्यावरही वर्षभर करता येतो, पण मधल्या काळात गाडी चालवता येत नाही आणि वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

दुसरी चूक म्हणजे आठवण नेमकी शेवटच्या दिवशी लावणं. त्या दिवशी तुम्ही इंदूरच्या वाटेवर असलात तर ती वाजून उपयोग काय? वरच्या उदाहरणात पहिली आठवण 15 मेची लावा. त्या आठवड्यात एकच गोष्ट बघायची : परिवहनच्या नोंदीत असलेला मोबाइल नंबर अजून तुमच्याकडे आहे ना? सिम बदललेलं असेल तर ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि अर्ज तिथेच अडतो. दुसरी आठवण 1 जुलैची. तेव्हा डॉक्टरांकडून फॉर्म 1A घ्या आणि अर्ज भरा. आठवण घरच्यांच्या फोनवरही लावलेली बरी.

स्कॅन कार्डाच्या दोन्ही बाजूंचा, एकाच पीडीएफमध्ये करा. फाइलला नाव असं द्या :

```
2026-08-14_DL_TR.pdf
```

वर्ष आधी लिहिल्याने नावानुसार लावल्यावर सगळ्यात आधी संपणारा कागद वर येतो. नवं कार्ड आलं की जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, नाहीतर घाईत तीच पुढे पाठवली जाते.

डिजिलॉकरमध्ये स्वतः चढवलेला स्कॅन म्हणजे नुसती प्रत. तपासणीत चालतं ते Issued मध्ये परिवहन खात्याकडून थेट आलेलं लायसन्स.

राहिला बॅकअप. कागद ड्राइव्हवर आहेत, पण लॉगिनचा ओटीपी त्याच फोनवर येतो. फोन हरवला की दोन्ही गेले! गूगल खात्याचे बॅकअप कोड छापून घरी कपाटात ठेवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मग एखाद्या रविवारी घरातल्या दुसऱ्या फोनवरून, स्वतःच्या फोनला हात न लावता, ती फाइल उघडून बघा. उघडली नाही, तर बॅकअप अजून झालेला नाही.