संध्याकाळी फुटाणे खाऊनही रात्री अकराला डबा उघडतो? या चुका टाळा

हिंजवडीत नोकरी आणि कोथरूडला घर असलेल्या माणसाचा दिवस धरू. सकाळी आठला पोहे, दुपारी एकला डब्यातली पोळी-भाजी, साडेचारला चहा आणि दोन-चार बिस्किटं. साडेसहाला ऑफिस सुटतं, चांदणी चौकातून वाट काढत घरी पोचेपर्यंत आठ वाजतात आणि जेवायला साडेनऊ. म्हणजे दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात साडेआठ तास जातात. घरात पाऊल टाकल्या टाकल्या भाकरवडीचा डबा उघडतो, त्यामुळे जेवण धड होत नाही आणि अकरा वाजता पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटतं. दिवसभर सांभाळून खाल्लेलं या दोन वेळांना वाया जातं.

यावर उपाय म्हणून बरेच जण फुटाणे, फळ आणि ताक सुरू करतात. निवड बरोबर आहे. तरी आठवडाभरात ते बंद पडतं, कारण वेळ आणि माप चुकतं.

चूक पहिली: घरी पोचल्यावर खाणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आठ वाजता फुटाणे आणि फळ खाल्लं, की साडेनऊला भूक नसते. मग एक पोळी आणि थोडी भाजी खाऊन ताट सरकवलं जातं, आमटी-उसळीला हातही लागत नाही. झोपायला बारा वाजणार असतील, तर एवढ्याशा जेवणावर तोवर निभत नाही. शिवाय पोटात कावळे ओरडत असताना माणूस मोजून खात नाही, समोर येईल ते खातो.

साधा हिशेब असा, की खाणं रात्रीच्या जेवणाआधी साडेतीन ते चार तास व्हायला हवं. जेवण साडेनऊला असेल, तर साडेपाच ते सहा ही वेळ झाली. म्हणजे खाणं ऑफिसातच, निघण्याआधी व्हायला हवं. फुटाण्यांची डबी आणि पेरू सकाळीच बॅगेत टाकावा लागतो, घरच्या ओट्यावर ठेवून उपयोग नाही. घरात सात-साडेसातला जेवणाऱ्यांनी हेच साडेतीन-चारला खावं.

साडेचारच्या चहाकडेही बघा. गोड चहाने भूक तेवढ्यापुरती मरते, म्हणून साडेपाचला फुटाणे नकोसे होतात आणि सातला, नेमकं वाटेत, भूक खवळते. चहा घ्या, पण बिस्किटं सोडा. सहानंतरचा चहा मात्र टाळलेला बरा. त्याने झोप लांबते, आणि जितकं जागं राहाल तितकं खाणं आठवतं.

चूक दुसरी: पुडीतून खाणं

पाव किलोची पुडी शेजारी ठेवून काम करत बसलं, की १०० ग्रॅम फुटाणे कधी संपतात ते कळत नाही. तेवढ्यात साडेतीनशेच्या वर कॅलरी जातात, म्हणजे एक हलकं जेवणच झालं. पोट फुगतं ते वेगळं. एका वेळेला ३० ग्रॅम पुरतात. त्यातून साधारण ११० ते १२० कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. एकदा वजनकाट्यावर ३० ग्रॅम मोजा, ते घरातल्या कुठल्या वाटीत किती येतात ते बघून ठेवा आणि रविवारीच पाच डब्या भरा.

फुटाणे सालासकट घ्या. चिवड्यात घालतो ते डाळं सोललेलं असतं, ते पटापट खाल्लं जातं. सालाचे फुटाणे चावायला वेळ लागतो आणि सालातला चोथा पोटाला आधार देतो. दातांचा त्रास असलेल्यांनी दोन मोठे चमचे फुटाण्यांचं पीठ ताकात कालवून प्यावं. लहान मुलांना अख्खे फुटाणे देऊ नका, घशात अडकतात.

चूक तिसरी: नुसतं फळ

फळ एकटं टिकत नाही, तासा-दीड तासात पुन्हा भूक लागते. रस काढला तर तेवढंही टिकत नाही, कारण चोथा गेलेला असतो. फुटाण्यांबरोबर मध्यम पेरू, संत्रं किंवा लहान सफरचंद चालतं. सासवडकडची सीताफळं बाजारात आली, की एक मोठं अख्खं खाण्याऐवजी अर्धं घ्या, ते बरंच गोड असतं. फळ सकाळी चिरून नेऊ नका. काळं पडलेलं सफरचंद तसंच परत येतं आणि त्या दिवशी वडापाव होतो.

ताक कधी, कसं

तिन्ही गोष्टी एकाच वेळी संपवायची गरज नाही. ताक आठ वाजता, घरी पोचल्यावर प्या. भाकरवडीच्या डब्याकडे हात जातो ती हीच वेळ, आणि कधी कधी ती भूक नसून तहान असते. ताकाने तहान भागते, पण जेवणाची भूक मरत नाही. तीन मोठे चमचे दही, दीडशे मिलिलिटर पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर मीठ बाटलीत घालून खळखळवलं की झालं. साखर घातली तर ती पातळ लस्सीच.

मीठ किती जातं ते बघा. खारे फुटाणे आणि पिशवीतलं मसाला ताक, दोन्हींत मीठ असतं. रक्तदाब असेल तर बिनमिठाचे फुटाणे आणि घरचं ताक घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारून बदला. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर फुटाणे, फळ आणि ताक या तिन्हींबद्दल आधी विचारा.

पावसाळ्यात फुटाणे सादळतात

जून-जुलैत चार दिवसांत फुटाणे मऊ पडतात, दाताखाली चामट लागतात आणि डबी न उघडता परत येते. असे फुटाणे टाकू नका. लोखंडी कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. बोटांनी दाबल्यावर साल तडकून सुटली, की झाले. पूर्ण गार झाल्याशिवाय डबीत भरू नका, वाफ धरली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मऊच.

एवढं करूनही अकराला भूक लागली तर

आता एक मऊ गार भाकरी आणि भाजी दिली तर खाल का, असं स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल, तर ती खरी भूक आहे आणि दुरुस्ती रात्रीच्या ताटात करायची. एक वाटी घट्ट वरण किंवा मटकीची उसळ वाढवा, साडेपाचचे फुटाणे वाढवू नका. त्या रात्रीपुरतं कपभर दूध किंवा अर्धी भाकरी खाऊन झोपा, उपाशी तळमळत पडू नका.

भाकरी नको, फक्त शेव किंवा गोडच हवं असेल, तर ती सवय आहे. टीव्हीसमोर बसल्यावर हात डब्याकडे जातो. अशा वेळी डबा ओट्यावरून काढून वरच्या फडताळात, स्टूल घेतल्याशिवाय हाताला लागणार नाही असा ठेवा. भाकरवडी खायचीच असेल, तर रविवारी दुपारी जेवणाबरोबर दोन-तीन ताटात वाढून घ्या. वेळ बदलल्यावर निदान दहा-बारा दिवस तसंच चालू द्या. पहिले तीन-चार दिवस अकराची आठवण येतेच, तेवढ्यावरून फुटाण्यांचं माप बदलू नका.