धरणाची भिंत तळाशी किती जाड हवी? वहीवर हिशेब मांडून पाहा

गंगापूर धरणावरून नाशिकला परतताना भाच्याने विचारलं, "मामा, पाणी एवढं लांबवर पसरलंय, त्या सगळ्याचा रेटा भिंतीवर येतो ना?" मला वाटतं, बहुतेकांची गफलत इथेच होते. पाणी मागे किती लांब आहे याने भिंतीवरचा दाब बदलत नाही. तो ठरतो फक्त खोलीवर.

हिशेबासाठी दगडी किंवा काँक्रीटची 10 मीटर उंच भिंत घ्या, पाणी काठोकाठ. पाण्याकडची बाजू उभी, कोरडी बाजू उतरती, म्हणजे आकार त्रिकोणी. तिचा 1 मीटर लांबीचा तुकडा पुरे.

आधी दाब काढा. दर मीटर खोलीला तो चौरस मीटरमागे 1 टनाने वाढतो. वर शून्य, तळाशी 10, म्हणजे सरासरी 5 टन. तो 10 चौरस मीटरवर पडतो, म्हणून एकूण रेटा 50 टन. पाणी निम्मं, 5 मीटर असतं तर रेटा निम्मा नव्हे, पाव झाला असता: साडेबारा टन.

आता हा रेटा कुठे लागतो ते पाहा. दाब खाली जास्त असल्याने तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर, 3.33 मीटरवर एकवटतो. भिंत कोरड्या बाजूच्या पायथ्यावर कलंडायला बघते, तो जोर 50 × 3.33, सुमारे 167 टन-मीटर.

तिला थोपवतं तिचं स्वतःचं वजन. तळाची रुंदी B मीटर आणि काँक्रीट घनमीटरला 2.4 टन धरलं, तर वजन 12B टन. ते कोरड्या कोपऱ्यापासून ⅔B अंतरावर लागतं, म्हणून थोपवणारा जोर 8B². तो 167 इतका व्हायला B सुमारे 4.6 मीटर लागतो.

पण यावर थांबू नका. या रुंदीला भिंत जेमतेम उभी राहते आणि पाण्याकडचा तळ ताणला जातो. काँक्रीट ताण फारसा सोसत नाही, तडा जातो. ताण येऊच द्यायचा नसेल तर सुमारे 6.5 मीटर लागतात. पायाखाली शिरलेलं पाणी भिंतीला वर उचलतं, तेही पूर्ण धरलं तर 8.5. फ्रान्समधलं बूझे धरण 1895 साली फुटलं, त्यात हे उचलणारं पाणीच मुख्य कारण होतं. म्हणून मोठ्या धरणांत हे पाणी काढून टाकायला आत निचऱ्याची भोकं ठेवतात आणि त्यांतून येणारं पाणी मोजत राहतात. ते अचानक वाढलं तर आत काहीतरी बिघडलंय असं समजावं.

हाच हिशेब 5 मीटर खोलीवर केला तर प्रत्येक रुंदी बरोबर निम्मी येते. म्हणजे खोलीच्या प्रमाणात जाडी वाढवत गेलं की त्रिकोणच तयार होतो.

गंगापूरला मात्र हा हिशेब लावू नका. ते मातीचं धरण आहे. त्याचा पसरट उतार माती घसरू नये आणि पाझर आवाक्यात राहावा यासाठी ठेवलेला असतो, म्हणून ते याहून कितीतरी रुंद दिसतं.