पेपरवर शेरा लिहिण्याआधी स्वतःचा जुना निबंध काढा

माझी मैत्रीण नुकतीच लेक्चरर झालीये, इतिहासाची. पहिला गठ्ठा तपासायच्या आधी तिने एम.ए.चा स्वतःचा कमी मार्क पडलेला निबंध काढला, विषय १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी. समासात शेरे होते "विश्लेषण कमी", "वर्णनात्मक". तेव्हाही कळलं नव्हतं की नेमकं कुठे, आणि आता शिकवायला लागल्यावरही शोधावंच लागलं.

सापडलं ते असं, एका परिच्छेदात दुष्काळ, दुष्काळी कामं आणि १९७७ चा कायदा एकामागोमाग आलेत पण एकातून दुसरं कसं झालं ते कुठेच नाही. मग तिने तोच शेरा नव्याने लिहिला: "दुष्काळ १९७२ चा, कायदा १९७७ चा. तात्पुरती कामं कायमचा हक्क कशी झाली? कोणी मागणी लावून धरली? इथेच दोन वाक्यं टाक."

तुम्हीही हेच करा, शेरा लिहून झाला की निबंध झाका आणि नुसता शेरा वाचा, तो दुसऱ्या कुठल्याही पेपरवर चालत असेल तर खोडा आणि ज्या वाक्यावर अडलात त्याखाली रेघ मारून परत लिहा. प्रत्येक ओळीवर मात्र नको, दोन जागा पुरतात, नाहीतर पोरं फक्त मार्क बघून पेपर ठेवून देतात.