मित्राच्या कर्जाच्या जामिनातून असा सुटलो

मित्राच्या सहकारी बँकेतल्या कर्जाला मी जामीन होतो. त्याचे गाडीचे हप्ते आणि क्रेडिट कार्डाचं बिल थकल्याचं कळलं, तेव्हा या कर्जाचे हप्ते मात्र वेळेवर जात होते. हालचाल तेव्हाच करायची, कारण खातं थकल्यावर बँक सहसा जामीनदार सोडत नाही.

करार कायद्याच्या कलम 130 नुसार नोटीस देऊन जामीन मागे घेता येतो, पण फक्त कॅश क्रेडिटसारख्या चालू व्यवहारांत, तोही पुढच्या उचलीपुरता. मुदत कर्जाची रक्कम एकदा दिली गेली की बँकेची संमती लागतेच.

म्हणून मित्राला स्पष्ट सांगितलं, "तुझ्या मेव्हण्याला जामीन राहायला विचार." मेव्हणा तयार झाला. मित्राच्या आणि माझ्या सह्यांचा अर्ज, मेव्हण्याच्या पगाराच्या स्लिपा आणि त्याचं नवं जामीनपत्र दिलं. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. शाखाधिकारी "झालं समजा" म्हणाले. तोंडी शब्दावर मी थांबलो नाही. जामिनातून मुक्त केल्याचं लेखी पत्र घेतलं. पुढे सिबिल अहवालात ते खातं माझ्या नावावर दिसतच होतं, तेव्हा त्याच पत्राची प्रत जोडून बँकेकडून दुरुस्ती करून घेतली.