बेकर्स परसेंटेज वापरताना या चुका टाळा

पावाच्या रेसिपीत ‘मैदा १००, पाणी ६५, मीठ २, इन्स्टंट यीस्ट १’ असे आकडे दिसले की बरेच जण आधी बेरीज करतात. ती येते १६८, आणि मग शंका येते की टक्केवारी शंभरच्या वर गेलीच कशी? यात चूक काही नाही. इथे शंभर म्हणजे पूर्ण गोळा नव्हे, फक्त पीठ. बाकी प्रत्येक जिन्नस पिठाच्या वजनाशी ताडून पाहायचा. मैदा ५०० ग्रॅम असेल तर पाणी ३२५, मीठ १० आणि यीस्ट ५ ग्रॅम. सगळं मिळून गोळा होतो ८४० ग्रॅमचा.

हा पाया सुटला की सर्वांत आधी मीठ बिघडतं. कुणी ८४० ग्रॅमचे २ टक्के काढले, तर मीठ जवळजवळ १७ ग्रॅम होतं, म्हणजे पिठाच्या ३.४ टक्के. असा गोळा घट्ट, ताठर लागतो, यीस्ट सुस्तावतं आणि तासाभराने पाहावं तर पीठ जेमतेम फुगलेलं. लोक यीस्टला दोष देऊन नवं पाकीट आणतात. त्याआधी पिठाचा कोपरा चाखून पाहा, खारटपणा लगेच कळतो. उलट मीठ विसरलं किंवा फार कमी पडलं, तर पीठ भराभर फुगतं, पण सैल आणि चिकट राहतं, आणि पाव मिळमिळीत लागतो. १.८ ते २ टक्के मीठ बहुतेक साध्या पावांना पुरतं. ते चमच्याने मोजू नका. जाड आणि बारीक मिठाच्या एका चमच्याचं वजन सारखं नसतं.

दुसरी चूक हिशेबात नाही, ओट्यावर होते, आणि पोळ्या करणाऱ्या हातांना ती हमखास भोवते. ६५ टक्के पाण्याचा मैदा सुरुवातीला बोटांना चिकटतोच. आपल्याला सवय असते ती कणकेची, म्हणून पिठी घेत घेत मळलं जातं. समजा अशी ६० ग्रॅम पिठी आत गेली. आता पीठ झालं ५६०, पाणी तेवढंच ३२५. हायड्रेशन, म्हणजे पिठाच्या तुलनेत पाण्याची टक्केवारी, ६५ वरून ५८ वर आलं आणि मीठही १.८ टक्क्यांवर उतरलं. कागदावर रेसिपी तीच, पाव मात्र घट्ट आणि दुसऱ्या दिवशी कोरडा. यावर उपाय पिठी नव्हे, धीर. सगळं नुसतं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. मैदा पाणी शोषून घेतो आणि चिकटपणा बराच कमी होतो. मग ओल्या किंवा तेलाच्या हाताने मळा.

गव्हाचं पीठ मिसळताना आणखी एक गोंधळ होतो. ३०० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम चक्कीचा आटा घेतला, तर शंभर म्हणजे दोन्ही मिळून ५०० ग्रॅम. कुणी फक्त मैद्याचे ६५ टक्के धरून १९५ ग्रॅम पाणी घातलं, तर पीठ एकत्रच येणार नाही, भांड्यात कोरडे गठ्ठे राहतील. शिवाय आटा मैद्यापेक्षा जास्त पाणी पितो. त्यामुळे या मिश्रणाला ३२५ ग्रॅमही कमी वाटू शकतं. ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३५० ग्रॅमपर्यंत, थोडं थोडं वाढवत जा आणि किती लागलं ते लिहून ठेवा. प्रत्येक गिरणीचं पीठ वेगळं वागतं.

पाण्याऐवजी दूध घालणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की गायीच्या दुधात साधारण ८७ टक्केच पाणी असतं. ३२५ ग्रॅम दुधातून पाणी मिळतं २८३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे खरं हायड्रेशन ५७ टक्क्यांच्या जवळ. म्हशीच्या दुधात आणखी कमी.

आता उलटा हिशेब, कारण लादीपावाला तोच लागतो. प्रत्येकी ५० ग्रॅमचे १२ गोळे हवेत, म्हणजे मळलेला गोळा एकूण ६०० ग्रॅमचा हवा. अंदाजाने मैदा घेऊ नका. ६०० ला १६८ ने भागा, ३.५७ येतात. हा झाला एका टक्क्याचा भाव. मैदा ३५७, पाणी २३२, मीठ ७, यीस्ट साडेतीन ग्रॅम. साखर ५ आणि लोणी ५ टक्के वाढवलं, तर बेरीज १७८ होते आणि भागाकार पुन्हा करावा लागतो. जुन्याच ३५७ ग्रॅम मैद्यावर ते वरून घातलं, तर गोळे ५० ग्रॅमचे राहणार नाहीत. यीस्टसाठी अर्धा ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. घरातला साधा काटा तीन आणि चार ग्रॅममध्ये सहज चुकतो.

सावरडो करणाऱ्यांनी, म्हणजे यीस्टऐवजी आंबवलेल्या पीठ-पाण्याच्या स्टार्टरने पाव फुगवणाऱ्यांनी, स्टार्टरमधलं पीठही शंभरात धरावं. समान पीठ-पाण्याचा १०० ग्रॅम स्टार्टर म्हणजे ५० पीठ, ५० पाणी. ४५० ग्रॅम मैदा आणि ३०० ग्रॅम पाण्यात तो मिसळला, तर हायड्रेशन ६७ नव्हे, ३५० भागिले ५००, म्हणजे ७० टक्के. मीठही ५०० वरच मोजायचं: १० ग्रॅम, ९ नव्हे.