शेवटची पाच मिनिटं फक्त क्रियापदांसाठी

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून आमच्या अभ्यासिकेत एकच रडगाणं ऐकू येतं: वेळ पुरत नाही. निबंधाचा पेपर २५० गुणांचा आणि वेळ तीन तास. ऐकायला भरपूर वाटतो, पण बोटं दुखायला लागली की घड्याळ पळायला लागतं. शेवटी पाच मिनिटं हाताशी राहिली तर त्यात काय करायचं, एवढ्यापुरतंच हे लिहितेय. नव्याने तयारीला लागलेल्यांसाठी, आणि तेही मराठीत लिहिणाऱ्यांसाठी.

मी निफाड तालुक्यातली. नाशिकला अशोकस्तंभाजवळच्या एका अभ्यासिकेत दोन वर्षं बसले. मराठी आपलीच भाषा, तिच्यात कसल्या चुका होणार, अशी माझी पक्की समजूत होती. एका सराव परीक्षेनंतर ती गेली. तपासणाऱ्या सरांनी शेवटच्या पानावर एवढंच लिहिलं होतं: ‘काळ ठरवा. कर्ता कोण ते बघा.’ गुण सांगत नाही.

ती वही घेऊन मी खाली चहाला गेले. अभ्यासिकेतले एक भाऊ भेटले, माझ्याआधी तीन वर्षांपासून तयारी करणारे. त्यांनी वही बघितलीही नाही. म्हणाले, “ताई, तुझा परिच्छेद वाचू नको. प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द वाच. मोठ्याने.” मी वाचायला लागले: लावला, पडतात, होती, राहिले, वाढल्या, नव्हता. चहावालासुद्धा हसला.

मराठीत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे पूर्णविराम सापडला की त्याच्या डावीकडे क्रियापद. पाच मिनिटांत सात-आठ पानं नीट वाचून होत नाहीत, पण पूर्णविरामावरून बोट फिरवत डावीकडचा शब्द बघणं होतं. त्यातही शेवटच्या पानापासून सुरुवात करायची. एक तर चुका थकल्यावर जास्त होतात, म्हणजे शेवटीच असतात. दुसरं म्हणजे सुरुवातीपासून वाचलं की आपण आपल्याच मुद्द्यात रमतो आणि चूक डोळ्यांसमोरून निघून जाते.

तो परिच्छेद खाडाखोड करण्याआधी जसा होता तसाच देते. विषय होता कांदा आणि सरकारी धोरण.

‘ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावला. या निर्णयाच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमधील लिलाव बंद पडतात. लासलगाव ही कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. कांद्याने भरलेली वाहने जागेवरच उभे राहिले. शेतकऱ्यांच्या अडचणींची तीव्रता वाढल्या. शेतकरी म्हणाले की हा भाव परवडत नव्हता.’

सहा वाक्यं, त्यांतलं एकच बरोबर. गंमत म्हणजे सराव परीक्षेच्या शेवटच्या मिनिटात मी नेमका त्याच बरोबर वाक्याला हात घातला होता. ‘आहे’ खोडून ‘होती’ केलं होतं, कारण आजूबाजूला सगळा भूतकाळ दिसत होता. बाकी पाच चुका तशाच राहिल्या.

आधी काळ. सांगायला बसलं की आपण ‘मी जातो, बघतो तर काय’ असं सहज बोलतो. झालेली गोष्ट वर्तमानात सांगायची ही सवय घाईत कागदावर उतरते. ‘लिलाव बंद पडतात’ तिथून आलं. मी एकच प्रश्न विचारते: या वाक्याआधी ‘त्या वेळी’ लावलं तर अर्थ बिघडतो का? ‘त्या वेळी लिलाव बंद…’ बिघडत नाही, मग ‘पडले’ हवं. ‘त्या वेळी लासलगाव ही मोठी बाजारपेठ…’ इथे मात्र आज ती तशी नाही असं वाटायला लागतं. ते वर्तमानातच राहू द्यायचं. सगळा परिच्छेद एका काळात कोंबायचा नसतो. घटना भूतकाळात आणि आजही खरी असलेली गोष्ट वर्तमानात, असं दोन्ही शेजारी शेजारी चालतं.

दोन ठिकाणी हात आखडता घ्यायचा. पहिलं ‘की’नंतरचं वाक्य. इंग्रजीच्या तासाला अप्रत्यक्ष कथनाचा काळ मागे न्यायचं इतकं घोकलेलं असतं, की मराठीतही आपण तेच करतो. मराठीत माणूस जे बोलला त्याचा काळ तसाच ठेवतात. शेतकरी म्हणाले की हा भाव परवडत नाही. बस. ‘नव्हता’ लिहिलं तर ते जुन्या भावाबद्दल बोलत होते असा अर्थ होतो. दुसरं ‘जर-तर’. ‘पाऊस वेळेवर पडला तर रोपं टिकतील’ यातला ‘पडला’ भूतकाळ नाही, ती अट आहे. बोट तिथे अडखळेल, पण पुढे जायचं.

आता कर्त्याचं. वर्तमानकाळात अनेकवचन असलं की लिंग कुठलंही असो, ‘-तात’ येतं. तो माल येतो आणि ती गाडी येते, एवढा फरक एकवचनात सांभाळला की झालं. खरी गडबड भूतकाळात, कारण तिथे लिंग आणि वचन दोन्ही क्रियापदाच्या शेपटीला लागतात. म्हणून वेळ कमी असेल तर आधी भूतकाळातले परिच्छेद बघायचे.

भाऊंनी सांगितलेली युक्ती अशी. नामाआधी तो, ती, ते, त्या यांतलं जे बसेल ते मनात लावा. त्याचीच शेपटी क्रियापदाला. तो निर्णय झाला. ती आवक घटली. ते उत्पादन वाढले. ते शेतकरी आले. त्या समित्या बसल्या. आणि सगळ्यांत जास्त गुण खाणारं: ती वाहने राहिली. नपुंसकलिंगी अनेकवचन. गावे ओस पडली, पिके वाया गेली, धरणे भरली. बोलताना आपण ‘गावं ओस पडली’ बरोबर म्हणतो. पण प्रमाणलेखनात ‘गावे’ लिहिलं की शेवटचा ‘ए’ डोळ्यांत बसतो आणि हात आपोआप ‘पडले’ लिहितो. म्हणून ‘-ए’ने संपणारं अनेकवचन आणि शेवटी ‘-ले’ अशी जोडी दिसली की थांबायचं. ‘ती’ बसतंय का बघायचं. बसलं तर ‘-ली’. माझ्या वाक्यात ‘उभे’सुद्धा बदलावं लागलं: वाहने जागेवरच उभी राहिली. मुलगे, रस्ते, दाखले यांना ‘ते’ लागतं, तिथे ‘-ले’ बरोबरच आहे.

कर्ता लांबला की तो शोधावा लागतो. ‘शेतकऱ्यांच्या अडचणींची तीव्रता वाढल्या’ असं माझ्याकडून लिहिलं गेलं, कारण हात क्रियापदाशी पोचेपर्यंत डोक्यात ‘अडचणी’ घोळत होत्या. अशा वेळी चा, ची, चे, च्या, मधील, -लेली अशा शेपटीचे शब्द मनातल्या मनात झाकायचे. ‘शेतकऱ्यांच्या’ झाकलं, ‘अडचणींची’ झाकलं, उरली तीव्रता. ती तीव्रता वाढली.

राहिलं पहिलं वाक्य. ‘सरकारने’ यातला ‘ने’ दिसला की क्रियापद सरकारकडे बघत नाही, ते कर्माकडे बघतं. इथे कर्म शुल्क. ते शुल्क, म्हणून ‘लावले’. मी ‘कर’ हा शब्द मनात धरून ‘लावला’ लिहिलं होतं. घाईत समानार्थी शब्द बदलतो आणि क्रियापद जुन्याच शब्दाचं राहतं, हे माझ्याकडून अजूनही होतं. मी, आम्ही, तू, तुम्ही यांना ‘ने’ दिसत नाही, पण वागणूक तीच: आम्ही गावे पाहिली, आम्ही सर्वेक्षण केले. शिकणे, विसरणे यांसारखी थोडी क्रियापदं मात्र कर्म असूनही कर्त्यालाच धरून चालतात: शेतकरी धडा शिकले, प्रशासन आश्वासन विसरले.

आणि कर्मालाही ‘ला’ किंवा ‘ना’ लागलं असेल तर विचारच करायचा नाही. ‘समितीने महिलांना चर्चेला बोलावल्या’ असं मी एकदा लिहिलंय. कर्त्याला ‘ने’, कर्माला ‘ना’, मग क्रियापद कुणाचंच नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनात बसतं: बोलावले.

लिंगच पक्कं नसलेले शब्द परीक्षेच्या खोलीत ठरवता येत नाहीत. त्यांची यादी आधीच करावी लागते. माझ्या यादीत वरती ‘निधी’ होता. निधी मिळाला, मिळाली नाही. भाव आणि मागणी अशी वेगळ्या लिंगांची जोडी कर्ता म्हणून आली असेल तर नियम आठवत बसू नका, ‘दोन्ही गोष्टी’ हे शब्द मध्ये घाला: भाव आणि मागणी या दोन्ही गोष्टी घटल्या. आता क्रियापद ‘गोष्टी’ला बांधलं गेलं.

मी पाच मिनिटं अशी वापरते. पहिली दोन मिनिटं मागून पुढे सगळ्या पूर्णविरामांवरून बोट, फक्त काळासाठी. नंतरची दोन भूतकाळातल्या परिच्छेदांवर, ‘ने’ आणि ‘-ए’ शोधत. उरलेलं मिनिट पहिल्या पानाला, कारण वाचणाऱ्याचं मत तिथे बनायला लागतं. दुरुस्ती करताना मात्रा गिरवून ‘ले’चा ‘ली’ करायचा नाही, तो वाचताच येत नाही. अख्खा शब्द एका रेघेने खोडून वर नवा लिहायचा. ऱ्हस्व-दीर्घ, गाळलेले शब्द, सुटलेले मुद्दे या पाच मिनिटांत सापडत नाहीत. ते मी सोडून दिलंय.

खऱ्या पेपरला पाच नाही, साडेतीनच मिनिटं उरली. दुसरी फेरी अर्धवट राहिली. तेवढ्यात चौथ्या पानावर ‘धरणे कोरडे पडले’ सापडलं. दोन्ही शब्द खोडून वर ‘कोरडी पडली’ लिहिलं आणि घंटा झाली.